सेट नेमका कुठे तुटतो? फेलपर्यंत कधी जायचं आणि हातचं राखून कधी थांबायचं

प्रश्न: वय ३६, वजन ७४ किलो, दोन वर्षं जिम करतोय. जिममधले सगळे सांगतात की प्रत्येक सेट फेलपर्यंत मार, नाहीतर मसल वाढत नाही. मी तसंच करत आलो. सोमवारी स्क्वॉट ८० किलोवर १०, ६, ४. लगेच डेडलिफ्ट १०० किलोवर ८, ५. मग लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन आणि शेवटी काफचे १५-१५ चे तीन सेट. गुरुवारी परत हेच. चार महिने झाले, स्क्वॉट ८० वरच अडकलाय आणि डेडलिफ्टनंतर दोन दिवस कंबर धरलेली असते. आता एक जण म्हणतो, सगळ्याच व्यायामांत तीन रेप्स आधी थांब. नक्की कुठे फेलपर्यंत जायचं आणि कुठे आधी थांबायचं?

उत्तर: आधी थोडक्यात सांगतो. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट साधारण तीन रेप्स हातच्या ठेवून थांबवा. लेग प्रेसमध्ये एक-दोन ठेवा. लेग एक्स्टेन्शन, लेग कर्ल आणि काफ यांचा निदान शेवटचा सेट खरोखर फेलपर्यंत न्या. आता यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण उद्या तुमचं वेळापत्रक बदलेल, मशीन बदलेल, आणि तेव्हा हा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल.

‘फेल’ या शब्दापासून सुरुवात करू. जिममध्ये तो दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एकात पूर्ण ताकद लावूनही वजन वर जात नाही. दुसऱ्यात वजन कसंबसं वर जातं, पण त्यासाठी पाठ वाकते, कंबर उसळते, हात झुलतो. मी ज्या क्षणी व्यायामाची पद्धत मोडते त्याच क्षणाला फेल धरतो. त्यानंतर ज्या रेप्स निघतात त्या त्या व्यायामाच्या नसतातच. ‘हातच्या’ रेप्स म्हणजे पद्धत न मोडता अजून जेवढ्या निघाल्या असत्या तेवढ्या.

फेलच्या जवळ जाण्याला महत्त्व का आहे, ते सांगतो. स्नायूतले सगळे तंतू एकाच वेळी कामाला लागत नाहीत. मज्जासंस्था आधी लहान, कमी ताकदीचे गट कामाला लावते आणि गरज वाढेल तसतसे मोठे गट बोलावते. एलवुड हेनमन या शास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकांत हा क्रम मांडला आणि तो आजही मान्य आहे. स्नायूच्या वाढीत या मोठ्या गटांचा वाटा मोठा असतो. हलक्या वजनाने पंचवीस रेप्स करताना सुरुवातीच्या दहा-बारा रेप्समध्ये त्यांना बोलावणंच येत नाही. लहान गट थकतात, ताकद अपुरी पडते, तेव्हा ते येतात. म्हणजे हलक्या वजनात शेवटच्या काही रेप्सच कामाच्या. तिथे सेट आधी सोडला तर बहुतेक मेहनत वाया गेली.

जड वजनाचं गणित वेगळं आहे. तुम्ही जेमतेम एकदा उचलू शकता त्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास पोचलात, की जवळजवळ सगळे गट पहिल्या-दुसऱ्या रेपपासूनच कामाला लागलेले असतात. १०० किलोचा डेडलिफ्ट तुम्ही आठदा उचलता, म्हणजे तो साधारण याच पट्ट्यात येतो. त्यात पाच रेप्स करून थांबलात तरी पाचही रेप्समध्ये मोठे तंतू ओढत होते. इथे शेवटच्या तीन रेप्सनी जे जास्तीचं मिळेल ते थोडं, आणि त्याची किंमत मात्र भरपूर. वजन जितकं हलकं आणि रेप्स जितक्या जास्त, तितकं फेलच्या जवळ जाणं गरजेचं, हे पहिलं सूत्र. तुम्ही नेमकं उलटं करत आहात. डेडलिफ्ट फेलपर्यंत नेता आणि काफ १५ ला सोडता. काफबद्दल पुढे बोलतोच.

दुसरं सूत्र माझ्या दृष्टीने याहून मोठं आहे. प्रत्येक व्यायामाबद्दल स्वतःला विचारा की सेट संपतो तेव्हा आधी काय तुटतं?

लेग कर्लच्या मशीनवर पालथे पडलात आणि वजन ओढत राहिलात, तर एका क्षणी टाच वर येईनाशी होते. मांडीचा मागचा स्नायू संपला, बास. अंग गादीवर टेकलेलं आहे, तोल सांभाळायचा नाही, पकड सुटण्याचा प्रश्न नाही. जो स्नायू वाढवायचा होता तोच थकला आणि त्याच्यामुळेच सेट थांबला. वजन आपोआप खाली गेलं, कुणाला काही झालं नाही. फेलपर्यंत जाण्यासाठी असाच व्यायाम हवा.

आता स्क्वॉट बघा. ८० किलोच्या दहाव्या रेपला तुमच्याबरोबर काय होत असेल, ते न बघताही सांगता येतं, कारण बहुतेकांचं हेच होतं. खालून उठताना आधी ढुंगण वर येतं, छाती खालीच राहते आणि बार पुढे झुकतो. मग अर्ध्यातून पुढचं काम मांड्या सोडून कंबर आणि पाठ करतात. दमही तोपर्यंत गेलेला असतो, त्यामुळे श्वास भरून पोट घट्ट धरणं सुटतं आणि कण्याला जो आधार मिळायचा तो सैल पडतो. म्हणजे मांडी पूर्ण थकण्याआधीच पाठ किंवा दम संपला. शेवटच्या दोन रेप्समध्ये मांडीला फारसं जास्त काही मिळालं नाही, कमरेवर मात्र दिवसातला सगळ्यात मोठा भार आला.

डेडलिफ्टमध्ये हेच अधिक ठळक दिसतं. तिथे पाठीचे स्नायू वजन हलवत नाहीत, कणा ताठ धरून ठेवतात. ते थकले की कणा गोल होतो. तुम्हाला वाटतं पाय कमी पडले, प्रत्यक्षात पाठीनं धरणं सोडलेलं असतं. कित्येकांची तर आधी पकड सुटते. आणि तुम्ही हा व्यायाम फेलपर्यंत नेलेल्या तीन सेट स्क्वॉटनंतर करता, म्हणजे थकलेली पाठ घेऊन बारपाशी जाता. दोन दिवस कंबर धरण्याचं हेच कारण असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. (दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा पाऊल बधिर वाटत असेल, तर हा विषय रेप्सचा राहिला नाही. व्यायाम थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.)

यानंतर किमतीचा मुद्दा येतो, आणि तुमच्या अडकलेल्या स्क्वॉटचं उत्तर त्यात आहे. तुमचे सेट १०, ६, ४ असे झाले. बेरीज वीस. पहिल्या सेटमध्ये सगळं ओतलं म्हणून दुसरा सहावर आला आणि तिसरा चारवर. आता समजा तुम्ही त्याच ८० किलोवर सहा-सहाचे चार सेट केलेत, मध्ये तीन मिनिटं विश्रांती घेऊन. पहिल्या सेटला चार हातच्या राहतील, चौथ्याला दोन-तीन. बेरीज चोवीस. चार रेप्स जास्त झाल्या, सगळ्या व्यवस्थित झाल्या, आणि पुढच्या व्यायामासाठी पाठ शाबूत राहिली. शिवाय फेलपर्यंत नेलेल्या सेटमधून सावरायला जास्त वेळ लागतो. मोठ्या व्यायामात सोमवारचा थकवा बुधवारपर्यंत पुरतो आणि कधी गुरुवारलाही थोडा शिल्लक असतो. चार महिने तुम्ही गुरुवारी अर्धवट सावरलेल्या अंगाने त्याच ८० किलोखाली उभे राहिला आहात.

एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. स्पेनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण पुरुषांच्या दोन गटांनी आठ आठवडे स्क्वॉट केला. पहिल्या गटाचा सेट बारचा वेग २० टक्के घटला की थांबवायचा, दुसऱ्याचा ४० टक्के घटल्यावर, म्हणजे बऱ्याचदा फेलपाशीच. दुसऱ्या गटाने साहजिकच कितीतरी जास्त रेप्स केल्या. शेवटी ताकद दोन्ही गटांची जवळपास सारखीच वाढली. उभी उडी मात्र आधी थांबणाऱ्यांची जास्त सुधारली. आणि मांडीच्या काही स्नायूंची वाढ फेलजवळ जाणाऱ्यांची जास्त झाली.

मला हा निकाल प्रामाणिक वाटतो, कारण तो कुठल्याच बाजूला पूर्ण जिंकू देत नाही. ताकद वाढवायला फेल लागत नाही. स्नायूची जाडी वाढवायला फेलच्या जवळ गेल्याने थोडा फायदा होतो. म्हणून ‘सगळीकडे तीन आधी थांब’ हा तुमच्या मित्राचा सल्ला मी पूर्ण मान्य करत नाही. तो स्क्वॉटला बरोबर आहे, लेग एक्स्टेन्शनला वाया घालवणारा आहे. फेलचा जो थोडा फायदा आहे तो जिथे स्वस्तात मिळतो तिथून घ्यायचा. मांडी तीच आहे. तिला शेवटपर्यंत थकवण्याचं काम स्क्वॉटवर लादण्यापेक्षा लेग एक्स्टेन्शनवर सोपवलं, तर कंबर मध्ये येत नाही.

इथे एक गैरसमज होतो. ‘मोठे व्यायाम आधी थांबवा, छोटे फेलपर्यंत न्या’ असा सरधोपट नियम लोक पाठ करतात. बऱ्याचदा तो चालतो, पण नेहमी नाही. बेंचवर आडवं पडून डंबेल फ्लाय हा छोटाच व्यायाम आहे. पण तो फेल होतो तो हात पूर्ण पसरलेले असताना, छाती आणि खांदा सगळ्यात जास्त ताणलेल्या जागी. तिथे हात निसटला तर खांद्याला हिसका बसतो. तसाच, झोपून कपाळाशी बार आणायचा ट्रायसेप्सचा व्यायाम. फेल झालात तर बार तोंडावर. असे व्यायाम दोन हातच्या ठेवून करावेत, किंवा सरळ केबलवर आणि पेक डेकवर न्यावेत. उलट हॅक स्क्वॉटचं मशीन मोठा व्यायाम असूनही पाठ टेकलेली असते आणि अडकलं तर खटका लावता येतो, म्हणून तिथे फेलच्या बरंच जवळ जाता येतं. वाकून मारायच्या बारबेल रोमध्ये कंबर आधी थकते आणि माणूस हळूहळू उभा होत जातो. तोच रो छाती टेकवून केला की पाठीचे स्नायू खरंच शेवटपर्यंत जातात. स्नायू तोच, हालचाल जवळपास तीच, फक्त दुबळी कडी काढून टाकली. तुमच्या जिममध्ये जे मशीन असेल त्याला हा एकच प्रश्न विचारा, आधी काय तुटतं, आणि तुटल्यावर वजन कुठे जातं.

आता तुमचा आठवडा प्रत्यक्ष मांडू.

सोमवारी स्क्वॉट पहिला. ८० किलो, सहा रेप्स, चार सेट, मध्ये पूर्ण तीन मिनिटं. पहिल्या आठवड्यात हे सोपं वाटेल आणि तुम्हाला काहीतरी चुकल्यासारखं होईल. तिथे स्वतःला आवरा. चौथ्या सेटनंतरही अजून दोन चांगल्या रेप्स नक्की निघाल्या असत्या असं वाटलं, तर पुढच्या सोमवारी ८२.५ करा. एकच हातची राहिली असेल तर त्याच वजनावर थांबा. एकही रिपिटेशन ढुंगण आधी उसळून गेलं तर सेट तिथेच संपला, आकडा कितीही असो. डेडलिफ्ट सोमवारमधून काढून टाका. त्या जागी लेग कर्ल, दहा ते पंधरा रेप्सचे तीन सेट. पहिले दोन एक हातची ठेवून, तिसरा फेलपर्यंत. मग लेग प्रेसचे दोन सेट, बाराच्या आसपास, एक-दोन हातच्या ठेवून.

लेग प्रेसबद्दल दोन वाक्यं जास्त. मशीन आहे म्हणून ते पूर्ण निर्धोक नाही. थकल्यावर माणूस वजन जास्त खाली येऊ देतो, तिथे ढुंगण गादीवरून उचललं जातं आणि कंबर गोल होते. गुडघे कुठवर आणल्यावर ढुंगण सुटतं ते एकदा हलक्या वजनावर बघून ठेवा आणि सेफ्टीचा अडसर त्याच्या थोडा अलीकडे लावा. मग खाली अडकलात तरी वजन अडसरावर टेकेल.

त्यानंतर लेग एक्स्टेन्शन, बारा ते वीस रेप्स, दोन सेट, दुसरा फेलपर्यंत. गुडघ्याची जुनी तक्रार असेल तर वजन कमी करून वीसच्या पुढे जा. हलक्या वजनात फेलजवळ जाणं आवश्यक असतं हे वर सांगितलंच, पण त्याचा फायदा असा की सांध्यावर भार कमी येतो आणि स्नायूला हवं ते मिळतं.

शेवटी काफ. तुम्ही १५ ला थांबता ते का, याचा विचार करा. बहुधा पोटरी जळायला लागते म्हणून. जळजळ म्हणजे फेल नव्हे. पुढच्या वेळी त्याच वजनावर १५ नंतर मोजत राहा, प्रत्येक वेळी खाली एक क्षण थांबून आणि वर पूर्ण चवड्यावर येऊन. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या २२ ते २५ निघतात. म्हणजे तुमचे सेट फेलच्या सात-आठ किंवा त्याहून जास्त रेप्स अलीकडेच थांबत होते. पोटरी वाढत नाही म्हणून आनुवंशिकतेला दोष देणाऱ्यांना मी आधी हेच करायला लावतो. वजन एवढं वाढवा की बारा-पंधराला खरोखर टाच वर येईनाशी होईल, आणि तिन्ही सेट तिथपर्यंत न्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळेल, पण कमरेला आणि पुढच्या स्क्वॉटला त्याचं काही देणं नाही.

गुरुवारी डेडलिफ्ट पहिला, ताज्या अंगाने. १०० किलो, पाच रेप्स, तीन सेट. प्रत्येक रेपला बार जमिनीवर पूर्ण टेकवा, श्वास भरा, पोट घट्ट करा, मगच उचला. आपटून उसळी घेऊ नका. बार नडगीपासून लांब जायला लागला किंवा गुडघे आधी सरळ होऊन पाठीवर ओढ आली, की पुढचं रिपिटेशन करायचं नाही. स्क्वॉट गुरुवारी हवाच असेल तर डेडलिफ्टनंतर ६५ किलोवर सहाचे दोन-तीन सेट, सुबक, चार-पाच हातच्या ठेवून. तो सरावाचा स्क्वॉट समजा. बाकी लेग कर्ल, लेग एक्स्टेन्शन आणि काफ सोमवारसारखेच.

सांगली-कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. पैलवान शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, पण वस्ताद त्याला अंग मोडेपर्यंत मारू देत नाही, कारण पुढे मातीत उतरून लढायचं असतं आणि दुसऱ्या पहाटे परत तेच आहे. मेहनत रोज करता आली पाहिजे, हा हिशेब मी तालमीतच शिकलो. जिममध्ये लोक दर सोमवारला शेवटची कुस्ती असल्यासारखे भिडतात.

हातच्या रेप्स मोजायच्या कशा, हा खरा अवघड भाग आहे. दोन वर्षं तुम्ही फेलपर्यंत जात आलात, त्यामुळे फेल कसं असतं ते तुम्हाला निदान ठाऊक आहे, हा तुमचा फायदा. नव्या माणसाला ते ठाऊकच नसतं. साधारणपणे लोक हातच्या रेप्स कमी धरतात. ‘दोन राहिल्या’ म्हणतात तेव्हा तीन-चार असतात. जास्त रेप्सच्या सेटमध्ये हा अंदाज आणखी चुकतो आणि फेल जवळ येईल तसा सुधारतो. अंदाज पक्का करायची जागा मशीन आहे. लेग एक्स्टेन्शनच्या शेवटच्या सेटमध्ये, जिथे वाटेल ‘आता दोनच उरल्या’, तिथे तोंडाने ‘दोन’ म्हणा आणि पुढे चालू ठेवा. चार निघाल्या तर तुमचा काटा दोनने कमी दाखवतो. तीन-चार आठवडे हे केलं की काटा जागेवर येतो, मग तोच अंदाज स्क्वॉटला वापरा. स्क्वॉटमध्ये हा प्रयोग करायची गरज नाही.

स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये मात्र वाटण्यापेक्षा बारचा वेग जास्त खरं बोलतो. मोबाइल बाजूला, कमरेच्या उंचीवर उभा करून सेटचं चित्रण करा. प्रत्येक रेपला पूर्ण जोर लावून उठायचं, ही अट आहे. मुद्दाम हळू उठलात तर काहीच कळणार नाही. पहिल्या तीन-चार रेप्स एकाच चालीने वर जातात. मग एक अशी येते की जी मध्यावर किंचित रेंगाळते आणि पुढे जाते. स्पष्टपणे रेंगाळणारी पहिली रेप आली, की माझ्या अनुभवात दोन-तीनच हातच्या राहिलेल्या असतात. तिथे बार रॅकवर ठेवायचा. वरच्या अर्ध्यात बार जवळजवळ थांबून मग सरकला, तर तुम्ही उशीर केलात. हे बघायला महागडं उपकरण लागत नाही. पहिली आणि शेवटची रेप पाठोपाठ बघितली की फरक डोळ्यांनाच दिसतो.

वरच्या अंगाचं तुम्ही विचारलं नाही, पण तोच प्रश्न तिथेही लावा. बेंच प्रेसला दोन हातच्या. बाजूला अडसर किंवा भरवशाचा माणूस असेल तर शेवटचा सेट एकापर्यंत. उभ्याने डोक्यावर बार ढकलताना थकल्यावर कंबर मागे वाकते, म्हणून तिथेही दोन. पुल-अप फेल झाला तर फक्त लटकता, धोका काही नाही, पण पहिला सेट फेलपर्यंत नेला की पुढचे सेट कोसळतात, म्हणून शेवटचा सोडून बाकीच्यांत एक ठेवा. लॅट पुलडाऊन, छाती टेकवून रो, खांद्याचे लॅटरल रेज, ट्रायसेप्स पुशडाऊन यांचे शेवटचे सेट बिनधास्त फेलपर्यंत न्या. लॅटरल रेजमध्ये तर मी आग्रहच धरतो. डंबेल हलके असतात आणि लोक जळजळीलाच घाबरून सोडतात. बायसेप्स कर्ल उभ्याने करताना कंबर झुलायला लागली की तेच फेल समजा.

काही मर्यादा आहेत, त्या गंभीरपणे घ्या. बेंच प्रेसला एकटे असाल आणि अडसर नसेल, तर फेलच्या जवळही जाऊ नका, आणि बारला क्लिप लावू नका. अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेट उतरवता आल्या पाहिजेत.

ज्यांना उच्च रक्तदाब आहे त्यांच्यासाठी ‘मशीन म्हणजे सुरक्षित’ हे गृहीतक मोडतं. कॅनडात १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून व्यायाम चालू असताना रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये जड वजन फेलपर्यंत नेताना त्यांचा सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला. ती माणसं निरोगी आणि सरावलेली होती, आणि दाब सेट संपताच खाली आला. पण श्वास कोंडून कुंथत काढलेल्या शेवटच्या रेप्स काय करतात, ते यावरून कळतं. छत्तिसाव्या वर्षी तुम्ही रक्तदाब एकदा तपासलेला असायला हवा. तो जास्त असेल, हर्निया असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत पायांचा कुठलाच व्यायाम फेलपर्यंत नेऊ नका.

आणि गणपती-दिवाळीची तीन आठवड्यांची सुट्टी झाली की परतल्यावरचा पहिला आठवडा सगळे व्यायाम, अगदी लेग एक्स्टेन्शनही, निम्म्या सेटने आणि चार हातच्या ठेवून करा. सवय सुटलेल्या स्नायूला एकदम फेलपर्यंत ओढलं तर तो प्रमाणाबाहेर तुटू शकतो. अंगाला सूज, असह्य दुखणं आणि चहासारखी गडद लघवी दिसली तर लगेच दवाखाना गाठा. त्यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

हे सहा आठवडे चालवा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: सोमवारच्या स्क्वॉटच्या चौथ्या सेटला किती हातच्या वाटल्या, गुरुवारी डेडलिफ्टची पहिली रेप कशी गेली, आणि मंगळवारी-शुक्रवारी सकाळी कंबर कशी होती. दर एक-दोन आठवड्यांनी अडीच किलो वाढत गेले, तर सहा आठवड्यांत ८७.५ किंवा ९० किलोवर सहाचे सेट असायला हवेत. तसं झालं नाही आणि गुरुवारी पाय जड वाटत राहिले, तर आधी लेग प्रेसचा एक सेट कमी करा. तरीही फरक पडला नाही तर सोमवारचं लेग एक्स्टेन्शन एक हातची ठेवून थांबवा. काफला हात लावू नका, तिथून काही वाचणार नाही.